चूक ओळखायलाही तेच ज्ञान लागतं

मंडळी, आज आधी एक कोडं सोडवू. टेबलावर चार पत्ते आहेत: अ, क, ४ आणि ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा की, एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटावेच लागतील?

मूळ कोडं पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचं, १९६६ सालचं. अक्षरं तेवढी मी मराठी घेतली. बहुतेक जण ‘अ आणि ४’ म्हणतात. पण ४ च्या मागे क निघाला तरी नियम मोडत नाही, कारण सम अंकामागे स्वरच हवा असं कुणी म्हटलेलंच नाही. ७ च्या मागे मात्र स्वर निघाला, तर नियम तिथेच कोसळतो. म्हणून उत्तर अ आणि ७.

आता ‘अ आणि ४’ लिहिणारा विद्यार्थी आपलं उत्तर तपासायला बसला, तर ते कशाने तपासणार? ज्या समजुतीने ते चुकलं, तिनेच ना! त्याला ते बरोबरच दिसणार. आपल्याला किती कळलंय हे कळणं, म्हणजे मेटाकॉग्निशन. ते इथे विषयाच्या ज्ञानापासून वेगळं काढता येत नाही.

कॉर्नेल विद्यापीठातल्या क्रूगर आणि डनिंग यांनी १९९९ मध्ये हेच दाखवलं. तर्क, व्याकरण आणि विनोदाची जाण यांच्या चाचण्यांत तळाच्या पाव भागातले विद्यार्थी सरासरीने शंभरांत जेमतेम बारा जणांच्या पुढे होते. त्यांना वाटत होतं, आपण बासष्ट जणांच्या पुढे आहोत. मग काही जणांना या पत्त्यांच्या कोड्याची थोडी शिकवणी दिली आणि आपल्याच आधीच्या कामगिरीचा अंदाज पुन्हा करायला सांगितलं. तळाच्या मुलांचा अंदाज खाली आला! तर्क सुधारला आणि स्वतःविषयीचं मत उतरलं. मला या संशोधनातला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. तळाचे विद्यार्थी स्वतःला सर्वांत हुशार समजत नव्हते. सरासरीपेक्षा थोडे बरे, एवढंच. शिवाय तळाशी असलेल्याचा अंदाज चुकला तर तो बहुधा वरच्याच बाजूला चुकणार, खाली जागाच कुठे आहे? त्यामुळे या आकड्यांतला काही भाग निव्वळ संख्याशास्त्राचा खेळ आहे, असा आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो. वरच्या मुलांनी स्वतःला थोडं कमी लेखलं, त्याचं कारण निराळं: आपल्याला सोपं गेलं ते इतरांनाही गेलं असेल, असं ते धरून चालले.

तेव्हा सराव-परीक्षा द्याल तेव्हा उत्तरसूची उघडण्याआधी प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ लिहा. तपासल्यावर ‘अंदाज’वाल्या चुका बाजूला ठेवा; त्या तुम्हाला ठाऊकच होत्या. ‘खात्री’ लिहूनही चुकलेलं प्रत्येक उत्तर घ्या आणि कुठल्या समजुतीमुळे ते बरोबर वाटलं, हे एका वाक्यात लिहून काढा. पत्त्यांच्या कोड्यात ते वाक्य असतं: ‘मी नियम उलटाही खरा धरला.’