खाटेशेजारची प्रार्थना

अमेरिकेत 2006 साली बायपास झालेल्या सुमारे 1800 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ज्यांना नक्की ठाऊक होतं, त्यांच्यापैकी 59 टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. ज्यांना खात्री नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण 52 टक्के होतं. कारण सिद्ध झालं नाही. अपेक्षेचं दडपण आलं असेल, असा एक अंदाज मांडला गेला.

रुग्णासाठी प्रार्थनेचा व्हिडिओ करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. 'श्रद्धेनं ऐका, आजार पळेल' असं म्हटलं, की ताप न उतरलेल्या माणसाला आपलीच श्रद्धा कमी पडली असं वाटू लागतं. त्याऐवजी 'आजची रात्र सोसवू दे, उशाशी बसलेल्यालाही घटकाभर डोळा लागू दे' एवढंच मागावं. यात रात्रभर जागणारी मुलगी किंवा बायकोही येते, आणि उद्याचा रिपोर्ट वाईट आला तरी हे शब्द खोटे पडत नाहीत.

आवाजाचंही तसंच. वॉर्डात रात्री 30 डेसिबलच्या आसपास शांतता असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे जेमतेम कुजबुज. टाळ, शंख, मध्येच चढणारा कोरस नकोच. एकच सावकाश आवाज पुरे.

व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवा, नाहीतर मध्येच जाहिरात कर्कश वाजते. इअरफोन एकाच कानात घाला, म्हणजे नर्सची हाक ऐकू येईल. आणि लावण्यापूर्वी रुग्णाला विचारा. तो नको म्हणाला, तर लावू नका.