थायरॉइडची गोळी सहा आठवडे का मागते?

थायरॉइड कमी पडते म्हणून गोळी सुरू झाली की डॉक्टर सांगतात, “आता सहा आठवड्यांनी रक्त तपासा.” इन्सुलिन टोचल्यावर साखर तासाभरात उतरू लागते. दोन्ही संप्रेरकेच, मग थायरॉइडच्या गोळीला इतका वेळ का लागतो?

कारण गोळीतले थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, रक्तात आले की वाहक प्रथिनांना चिकटते. त्यातले मुख्य प्रथिन यकृतात तयार होते. त्याचे नाव थायरॉक्सिन बाइंडिंग ग्लोब्युलिन, म्हणजे टीबीजी. रक्तातल्या टी-४ च्या दर १०,००० रेणूंपैकी जेमतेम दोन-तीन मोकळे असतात. पेशीत शिरून काम करतात ते हेच, आणि शरीर निकालात काढते तेही हेच. ते खर्चले की बांधलेल्यांतले काही सुटून त्यांची जागा घेतात. त्यामुळे रक्तातले टी-४ निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. इन्सुलिनला असे वाहक प्रथिन नसते. रक्तात आल्यावर त्याचे अर्धायुष्य पाचेक मिनिटांचे.

समजा, एका बाईंना रोज १०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. रोज थोडे टी-४ येते आणि थोडे जाते, आणि हळूहळू पातळी एका जागी स्थिरावते. पहिल्या आठवड्यानंतर त्या निम्मा पल्ला गाठतात, दुसऱ्यानंतर पाऊण, पाचव्यानंतर जवळजवळ ९७ टक्के. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारे टीएसएच त्याच्याही मागून बदलते. दुसऱ्याच आठवड्यात तपासले तर टीएसएच अजून चढलेलेच दिसेल, आणि त्यावरून गोळी वाढवली तर महिन्याभराने ती जास्त झालेली असेल. याच हिशेबाने एक दिवस गोळी राहिली तर पातळी दहा टक्क्यांच्या आतच घसरते. त्या दिवशी काही जाणवतही नाही.

वाहक प्रथिन कमी-जास्त झाले की रिपोर्ट फसवू शकतो. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढते, त्याने टीबीजी रक्तात जास्त काळ टिकते आणि एकूण टी-४ सुमारे दीडपट होते. निरोगी ग्रंथी जादा संप्रेरक बनवून मोकळा भाग सांभाळते, म्हणून हा वाढलेला आकडा आजार नव्हे. गोळीवर असलेल्या बाईंच्या ग्रंथीला मात्र ते जमत नाही. म्हणून गर्भ राहिल्याचे कळताच त्यांनी डॉक्टरांना गाठायचे. बहुतेकींची मात्रा पाव ते तीस टक्के वाढवावी लागते. याउलट काही जणांत जन्मतःच टीबीजी कमी असते. त्यांचे एकूण टी-४ कमी दिसते, पण मोकळे टी-४ आणि टीएसएच ठीक असते, म्हणून उपचार लागत नाहीत.

ही झाली रक्तातली गोष्ट. परिणाम किती जोरदार होणार, हे पेशींवरच्या रिसेप्टरांवरही ठरते. संप्रेरक रिसेप्टरला जोडले गेले तरच पेशीला संदेश पोचतो, आणि रिसेप्टरांची संख्या पेशी बदलत असते. वजन वाढलेल्या माणसाच्या रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिले, तर पेशी आपल्यावरचे इन्सुलिन रिसेप्टर आत ओढून घेते आणि त्यांतले काही मोडते. हे डाउन-रेग्युलेशन. मग तेवढ्याच कामासाठी आणखी इन्सुलिन लागते. इन्सुलिन दाद देत नाही, त्याचे हे एक कारण. पेशीच्या आतले बिघाडही त्यात असतात.

अप-रेग्युलेशन याच्या उलट, आणि ते थायरॉइडच्या गोळीतच दिसते. त्या बाईंना मात्रा जास्त झाली तर छाती धडधडते, हात थरथरतात, जणू ॲड्रिनालिन उसळले आहे. पण रक्त तपासले तर ॲड्रिनालिन वाढलेले नसते. जादा थायरॉइड संप्रेरकामुळे हृदयाच्या पेशींवर बीटा रिसेप्टर वाढलेले असतात, म्हणून नेहमीइतक्याच ॲड्रिनालिनला हृदय जास्त प्रतिसाद देते. संप्रेरकाचा हृदयावर थेट परिणामही होतोच.

अशा वेळी डॉक्टर दोन गोष्टी करतात. थायरॉइडची मात्रा कमी करतात, आणि त्रास फार असेल तर प्रोप्रॅनोलॉल देतात. हे औषध बीटा रिसेप्टर अडवते, त्यामुळे काही तासांत धडधड उतरते; रक्तातले जादा टी-४ मात्र आपल्या सात दिवसांच्या गतीनेच ओसरते. प्रोप्रॅनोलॉल बराच काळ घेतले असेल तर तेही मनाने एकदम बंद करायचे नाही. रिसेप्टर अडवलेले असताना पेशी ते आणखी वाढवते, आणि औषध अचानक सुटले की धडधड उलट्या जोराने परत येते. म्हणून ते टप्प्याटप्प्याने कमी करतात, म्हणजे वाढलेले रिसेप्टर घटायला पेशीला वेळ मिळतो.