नळ गेल्यानंतरचे तीन दिवस
(लेखमाला : वस्तीचं आरोग्य, भाग 6)

कम्युनिटी पोस्टिंगच्या प्रकल्पासाठी विद्यार्थिनी जे विषय लिहून आणतात, त्यांत 'ग्रामीण भागातील पाणी साठवणुकीच्या पद्धतींचा अभ्यास' हा दरवर्षी असतोच. गाइड मान्यता देतात, तीस-चाळीस प्रश्नांची प्रश्नावली तयार होते, आणि तिच्यातला एक प्रश्न ठरलेला असतो : 'तुम्ही पिण्याचं पाणी झाकून ठेवता का?' जवळपास प्रत्येक घरातून 'हो' येतं. लोक खोटं बोलतात असं नाही. झाकण खरंच असतं, आणि पाहुणीसमोर आपलं घर नीटच सांगायचं असतं. पण या 'हो'वरून त्या पाण्याबद्दल काहीच कळत नाही. या भागात हाच विषय इतका बारीक करू या की त्याचं उत्तर डोळ्यांनी बघता येईल.

उदाहरणासाठी लातूर जिल्ह्यातलं 180 उंबऱ्यांचं एक गाव समजू. ग्रामपंचायतीची उंच टाकी आहे, जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, आणि नळाला दर चौथ्या दिवशी पाणी येतं. म्हणजे एकदा भरलेलं पाणी पुढचे तीन दिवस घरात राहतं. आपला प्रश्न इतकाच : नळाबरोबर घरात आलेलं क्लोरीन तिसऱ्या दिवशी पिण्याच्या भांड्यात उरतं का, आणि ते उरणं-न उरणं पाणी काढण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे का?

क्लोरीनच का, तर पाण्यात उरलेलं क्लोरीन म्हणजे नंतर पडणाऱ्या घाणीशी लढायला शिल्लक राहिलेलं बळ. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असायला हवं. ते मोजायची ओ.टी. चाचणी उपकेंद्रातल्या सिस्टरना आणि जलसुरक्षकाला पाठ असते. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग क्लोरोस्कोपच्या रंगांशी जुळवायचा. रंग पहिल्या दहा सेकंदांतच वाचा. दहा-पंधरा मिनिटांनी रंग गडद होतो, कारण तोवर अमोनियासारख्या पदार्थांशी जोडलं गेलेलं क्लोरीनही रंग देऊ लागतं, आणि ते जंतू मारण्यात फार दुबळं असतं. नळी उजेडात धरा, पण थेट उन्हात नको. ओ.टी.चं द्रावण विषारी आहे, म्हणून तपासलेलं पाणी मोरीत ओता आणि नळी लहान मुलांच्या हाती जाऊ देऊ नका.

आता घरं निवडू. 180 घरांतून 45 घ्यायची तर दर चौथं घर येतं. पहिल्या चार घरांपैकी कुठून सुरुवात करायची ते चिठ्ठी टाकून ठरवा. यादी अंगणवाडीताईंकडून किंवा आशाताईंकडून मिळते, पण गावाबाहेरची पालं आणि शेतवस्त्या तिच्यात आहेत का ते विचारा. नेमक्या त्याच घरांत नळ नसतो.

यात एक चूक हमखास होते. वेळापत्रक कॉलेजच्या बसवर ठरतं, म्हणून सगळी घरं सोयीच्या दिवशी उरकली जातात. तो दिवस पाण्याचा निघाला तर सगळीकडे ताजं पाणी आणि भरपूर क्लोरीन. आदल्या दिवसाचा निघाला तर सगळीकडे शून्य. दोन्ही निष्कर्ष चुकीचे, कारण आपण गावाच्या सवयी न मोजता नळाचं वेळापत्रक मोजलेलं असतं. म्हणून तीच 45 घरं दोनदा बघायची : पाणी आलेल्या दिवशी संध्याकाळी, आणि पुन्हा तिसऱ्या दिवशी. दहा विद्यार्थिनी असतील तर दोघी-दोघींच्या पाच जोड्या, जोडीला नऊ घरं. एका घराला पंधरा मिनिटं धरली तर दोन-अडीच तासांत काम होतं.

नळ सुरू असताना आणखी एक काम उरका. टाकीजवळचा, गावाच्या मध्यातला आणि शेवटच्या टोकाचा, अशा तीन नळांवर ओ.टी. करा. शेवटच्या नळालाच रंग येत नसेल, तर त्या आळीतल्या भांड्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तिथला प्रश्न पावडरचा, गळक्या पाइपचा किंवा टाकीतल्या मात्रेचा आहे. टीसीएलच्या ताज्या पावडरमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतं, पण पोतं उघडं किंवा दमट जागी राहिलं की ते उडून जातं आणि पांढरी भुकटी तेवढी उरते.

घरात गेल्यावर प्रश्नावली पिशवीतच राहू द्या. संमती घेतल्यावर पहिलं वाक्य असावं, 'काकू, प्यायला पाणी देता का?' मग बघत राहा. काकू घडवंचीवरच्या माठाकडे जातात, झाकणावर पालथा ठेवलेला स्टीलचा पेला उचलतात, झाकण कट्ट्यावर ठेवतात आणि पेला माठात बुडवतात. पेल्याबरोबर चार बोटांची पेरं पाण्यात जातात. हेच तुमचं निरीक्षण. शेजारच्या घरात खिळ्याला लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं असतं, बोटं पाण्यापासून वीतभर लांब राहतात. तिसऱ्या घरात तोटीची स्टीलची टाकी असते, तिथे झाकण उघडावंच लागत नाही. ओगराळं दिसतं म्हणून 'ओगराळं वापरतात' असं लिहू नका. ते टांगलेलं असतं आणि हातात मात्र पेला असतो, असंही घडतं. हाताने काय केलं, तेच लिहा.

'पाणी कशाने काढता?' हे आधी विचारलं, तर पुढची कृती विचारलेल्या प्रश्नाला साजेशी होते. म्हणून बघणं आधी, विचारणं नंतर. पहिल्या पाच घरांत दोघींनी एकमेकींचं न बघता नोंद करावी आणि बाहेर येऊन ताडून पाहावी. फरक पडला तर व्याख्या ढिली आहे. 'बोटं पाण्याला लागली' म्हणजे पेर भिजलं, की नुसतं भांड्याच्या काठाच्या आत गेलं? हे आधी ठरवा. हा सराव निवडलेल्या 45 घरांबाहेर करावा.

बघून झाल्यावर विचारायला थोडंच उरतं. हे भांडं शेवटचं कधी रिकामं करून घासलं? नवीन पाणी आल्यावर जुनं ओतून दिलं, की वरून भर घातली? दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. तळाशी राहिलेलं जुनं पाणी आणि आतला बुळबुळीत थर नव्या पाण्यातलं क्लोरीन पहिल्या काही तासांतच खाऊन टाकतात. काकूंची हरकत नसेल तर रिकाम्या भांड्याच्या आतल्या बाजूला धुतलेलं बोट फिरवून बघा. घासलेला माठ खरखरीत लागतो.

आता आकड्यांकडे वळू. हे आकडे नुसते समजावण्यासाठी धरले आहेत. 45 पैकी पाच घरं एका फेरीला बंद होती, म्हणून 40 उरली. पहिल्या दिवशी 28 घरांच्या भांड्यात 0.2 किंवा जास्त क्लोरीन होतं. उरलेली 12 शेवटच्या आळीतली. ती वेगळी काढा, त्यांची गोष्ट नळापाशीच सुरू होते. तिसऱ्या दिवशी 28 पैकी 9 घरांत क्लोरीन टिकलेलं होतं, 19 घरांत नव्हतं. आता पाणी कसं काढतात ते पाहू. पेला बुडवणारी घरं 16, त्यांपैकी 2 घरांत टिकलं. ओगराळं किंवा तोटी वापरणारी 12, त्यांपैकी 7 घरांत टिकलं.

इथे लगेच 'बोटं बुडवल्याने क्लोरीन जातं' असं लिहून अहवाल संपवू नये. भांडी कशाची होती ते पुन्हा बघा. समजा पेला बुडवणाऱ्या 16 घरांपैकी 11 घरांत मातीचा माठ होता, आणि दुसऱ्या गटातल्या 12 पैकी फक्त 3 घरांत. माती स्वतःच क्लोरीन शोषते, स्टील जवळपास शोषत नाही. मग फरक हाताचा की माठाचा? फक्त माठाची घरं वेगळी काढली तर एका बाजूला 11 आणि दुसऱ्या बाजूला 3 उरतात, आणि तीन घरांवर काहीच ठरत नाही. तेव्हा अहवालात खरं वाक्य असं येईल : तिसऱ्या दिवशी बहुतेक घरांत क्लोरीन उरत नाही, पेला बुडवणाऱ्या घरांत ते जास्त वेळा संपलेलं दिसलं, पण भांड्याचा प्रकार आणि पाणी काढण्याची सवय या पाहणीत वेगळ्या करता आल्या नाहीत. मला असा अहवाल टक्केवारीच्या रंगीत चकत्यांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. टक्के मात्र टाळा. 12 पैकी 7 ला '58.33 टक्के' म्हटलं की नसलेला नेमकेपणा येतो.

क्लोरीन शून्य म्हणजे पाणी दूषित, असंही नाही. ज्या घरात आरओचा जार येतो, तिथे पहिल्या दिवसापासून रंग येणार नाही. बोअरचं पाणी भरणाऱ्या घरातही नाही. म्हणून 'हे पाणी कुठलं?' हा प्रश्न प्रत्येक भांड्यापाशी विचारा आणि जार-बोअरची घरं हिशोबात वेगळी धरा. दूषित आहे का ते बघायचं तर क्लोरीन संपलेल्या काही घरांतलं पाणी एच2एस बाटलीत भरून ठेवा. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर विष्ठेतल्या जंतूंचा संशय घ्यायचा. हाही संशयच, कारण काही बोअरच्या पाण्यात मुळातच गंधक असतं आणि बाटली त्यानेही काळी होते. खात्री करायची असेल तर नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जायला हवा.

भांड्याच्या तोंडाकडे इतकं लक्ष द्यायला आधार आहे. कोलकात्याच्या झोपडवस्त्यांत पटकीचा रुग्ण असलेल्या काही कुटुंबांना अरुंद गळ्याच्या सुरया दिल्या होत्या. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सुरई न मिळालेल्या घरांच्या मानाने या घरांतल्या इतर माणसांना झालेला संसर्ग बराच कमी दिसला. पाणी तेच होतं, हात आत जाण्याची वाट तेवढी बंद झाली होती.

दोन फेऱ्या झाल्या की निकाल गावाला सांगायचा असतो, आणि तो दोन ठिकाणी वेगवेगळा. शेवटच्या आळीच्या नळाला रंग आला नाही, हे त्याच दिवशी जलसुरक्षकाला आणि सिस्टरना सांगा. अहवालाची वाट बघू नका. घरच्या भांड्याबद्दल त्या-त्या घरीच बोला, चावडीवर नावं घेऊन नको. ज्या काकूंनी तुम्हाला पेलाभर पाणी दिलं, त्यांना नळीतला पिवळा रंग पहिल्या दिवशी दाखवा आणि तिसऱ्या दिवशीची रंगहीन नळीही दाखवा. मग ओगराळ्याची गोष्ट काढा.

पुढच्या भागात हीच बघण्याची पद्धत हात धुण्याकडे वळवू : मोरीपाशी साबण आहे का, तो ओला आहे का, आणि शौचालयापासून किती पावलांवर आहे.