कलम जसेच्या तसे, भाष्य आपल्या भाषेत

इंडोनेशियात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२२ साली आला. त्याचा क्रमांक २७. जकार्तातल्या कंपनीतून ग्राहकांची माहिती फुटली, की अनुपालन अधिकारी परदेशी मुख्यालयाला टिपण पाठवतो. त्यात कायद्याचा उतारा मूळ इंडोनेशियनमध्येच राहावा आणि त्यावरचे भाष्य तेवढे अनुवादित व्हावे.

या कायद्यातले ४६वे कलम घ्या. तिथे कलमाला ‘पासाल’, पोटकलमाला ‘आयत’ आणि अक्षरी उपखंडाला ‘हुरुफ’ म्हणतात. अनुवादकाने सुटसुटीत म्हणून नुसते ‘४६ (बी)’ लिहिले, की घोटाळा होतो. कारण पहिल्या आयतातला बी सांगतो की सूचना सरकारी संस्थेलाही द्या; दुसऱ्या आयतातला बी सांगतो की माहिती केव्हा आणि कशी उघड झाली ते त्या सूचनेत लिहा. मुदतही कायद्यात ‘३ × २४ तास’ अशी आहे. तिचे ‘तीन दिवस’ केले, तर वाचणारा कामाचे दिवस मोजू लागतो.

सर्वांत जपायची ती व्याख्या केलेली नावे. ‘पेंगेंदाली’ म्हणजे माहितीचा वापर कशासाठी हे ठरवणारा, तर ‘प्रोसेसोर’ त्याच्या वतीने काम करणारा. सूचना देण्याचे बंधन ४६व्या कलमाने पेंगेंदालीवर टाकले आहे. अनुवादात दोघांनाही ‘कंपनी’ म्हटले, तर पगारपत्रके बनवणारा बाहेरचा ठेकेदारच जबाबदार वाटू लागतो. म्हणून हे शब्द मोठ्या आद्याक्षरांसह मूळचेच ठेवावेत, अर्थ पहिल्याच उल्लेखापाशी एकदा सांगावा. अनुवाद हातात आला, की आधी आकडे आणि ही नावे मूळ टिपणाशी ताडून पाहा. भाषेची सफाई नंतर.