पाच सेल ठीक, चौथाच का पडला? हायड्रोमीटरचं रीडिंग समजून घेऊ

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे हातून निसटतात, म्हणून इथे सगळे नीट लिहून दिले आहेत.)

गेल्या भागानंतर दारव्ह्याच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथे १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर. तो म्हणाला, "भाऊ, लाइन गेली का आधी तीन तास चालायचं, आता पाऊण तासात टूं टूं करते. मल्टीमीटर लावला तर बॅटरी चांगली दाखवते. मग हायड्रोमीटर आणला, तर पाच सेल बरोबर हायेत, एकच कमी दाखवते. आता नवी घ्यावी का?"

आजचा भाग याच प्रश्नावर. त्याने पाठवलेले आकडे आपण शेवटपर्यंत घेऊन जाऊ, कारण असमान रीडिंगचा अर्थ त्यातूनच नीट कळतो.

आधी हायड्रोमीटर नेमकं काय मोजतो ते बघू. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत एक तरंगणारी कांडी. बॅटरीतलं ऍसिड म्हणजे पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक ऍसिड. साध्या पाण्याचं एक लिटर एक किलो भरतं. त्याची ग्रॅव्हिटी १.०००. बॅटरीच्या ऍसिडचं एक लिटर एक किलो २४० ग्रॅम भरलं, तर ग्रॅव्हिटी १.२४०. दुकानात कोणी पॉइंट बोलत नाही, सरळ "बाराशे चाळीस" म्हणतात. आपणही तसंच म्हणू.

बॅटरी वापरली की ऍसिड प्लेटांमध्ये शिरतं आणि मागे पाणी जास्त उरतं, म्हणून द्रव हलका होतो. चार्ज केली की ऍसिड प्लेटांतून परत बाहेर येतं आणि द्रव जड होतो. म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणं म्हणजे त्या एका सेलमध्ये किती चार्ज आहे ते थेट विचारणं. मल्टीमीटर सहाही सेलची मिळून एकच बेरीज सांगतो. हायड्रोमीटर प्रत्येकाला वेगवेगळं विचारतो.

आता रीडिंग कसं घ्यायचं. रात्रभर पूर्ण चार्ज झाल्यावर इन्व्हर्टर बंद करा आणि दोनेक तास थांबा. त्याच दिवशी बॅटरीचं पाणी टाकलं असेल तर रीडिंग घेऊच नका. नवं पाणी हलकं, ते वरच तरंगतं, आणि हायड्रोमीटर वरचंच ओढतो. चांगला सेल उगाच मेलेला दिसेल. पाणी टाकल्यावर एक-दोन वेळा पूर्ण चार्ज होऊ द्या. चार्जिंगच्या शेवटी बुडबुडे उठतात, तेच ऍसिड ढवळून देतात.

ट्यूब्युलर बॅटरीवर लाल-हिरव्या कांडीचे लेव्हल इंडिकेटर असतात, ते बूच काढून हायड्रोमीटरची रबरी नळी आत घाला. फुगा दाबून दोन-तीनदा ऍसिड आतबाहेर करा, मग कांडी मोकळी तरंगेल इतकंच ओढा. कांडी काचेला चिकटली तर रीडिंग खोटं. डोळा द्रवाच्या पातळीत आणा. द्रव काचेजवळ थोडा वर चढलेला दिसतो, तो धरायचा नाही. मधली सपाट पातळी वाचायची. आणखी एक गंमत, कांडीवर मोठे आकडे खाली आणि लहान वर असतात. द्रव जड असेल तर कांडी जास्त वर येते, म्हणून. ऍसिड ज्या सेलचं, त्याच सेलमध्ये परत सोडा. पॉझिटिव्ह टर्मिनलकडून एक ते सहा नंबर टाकून लिहून ठेवा.

चष्मा आणि रबरी हातमोजे घालाच. जवळ बिडी-काडी नको, चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो. आणि आपल्या कापसाच्या जिल्ह्यात सांगायला वाईट वाटतं, पण या कामाला सुती शर्ट नको. ऍसिडचा थेंब सुती कापडाला भोक पाडतो, आणि ते धुतल्यावर दिसतं. टेरिकॉट बरं.

दारव्ह्याच्या बॅटरीचे आकडे असे आले: एक १२३०, दोन १२३०, तीन १२२५, चार ११८०, पाच १२३०, सहा १२२५.

तो म्हणाला, कंपनीच्या कागदावर १२४० आहे, म्हणजे सगळेच सेल कमी आहेत. नाही. कागद परत वाचा: १२४०, २७ अंशाला. त्याने मोजलं मे महिन्यात, ऍसिडचं तापमान ४२ अंश. गरम द्रव फुगतो, म्हणून हलका दिसतो. दर १० अंशाला साधारण ७ पॉइंटचा फरक पडतो. २७ च्या वर असेल तर मिळवायचे, खाली असेल तर वजा. इथे १५ अंश जास्त, म्हणजे साधारण १० पॉइंट मिळवा. मग आकडे होतात १२४०, १२४०, १२३५, ११९०, १२४०, १२३५. पाच सेल अगदी ठणठणीत! हीच बॅटरी डिसेंबरच्या पहाटे १२ अंशाला मोजली असती तर तेच सेल १२५० दाखवले असते. यवतमाळच्या उन्हाळ्यात हा हिशेब न करता कित्येक बॅटऱ्या "ग्रॅव्हिटी डाऊन" ठरतात.

परदेशी व्हिडिओत १२६५ किंवा १२८० ऐकलं असेल. ते बहुतेक गाडीच्या बॅटरीचे आकडे. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत मुद्दाम पातळ ऍसिड ठेवतात, कारण जाड ऍसिड आणि उष्णता मिळून प्लेटा लवकर खातात. तुमच्या बॅटरीच्या कागदावर जो आकडा आहे तोच तुमचा.

आता चौथा सेल. बाकीच्यांपेक्षा ५० पॉइंट कमी. सेलमध्ये १५-२० पॉइंटचा फरक असतोच, त्याची काळजी नको. ३० च्या पुढे गेला की कारण शोधायचं.

मल्टीमीटरने हे का नाही पकडलं? ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवलं की विश्रांतीतल्या सेलचा व्होल्टेज साधारण निघतो. १.२४० च्या सेलचा २.०८, चौथ्याचा २.०३. सहाही चांगले असते तर बेरीज १२.४८ व्होल्ट, आणि याची आली १२.४२. सहा शतांश व्होल्टचा फरक कोणाच्या नजरेत भरणार? पण लोड टाकला की खरी गोष्ट बाहेर येते. सहाही सेल एका माळेत आहेत, सगळ्यांतून तोच करंट जातो. चौथ्याची टाकी आधी रिकामी होते, त्याचा व्होल्टेज धाडकन पडतो, आणि इन्व्हर्टर पूर्ण बॅटरी संपली समजून बंद पडतो. बाकी पाच सेलमध्ये माल तसाच शिल्लक.

म्हणून नवी बॅटरी घ्यायची? थांबा. एक सेल कमी असण्याची दोन वेगळी कारणं असू शकतात. एक, तो सेल फक्त मागे राहिला आहे, त्याला पुरेसा चार्ज मिळालेला नाही. दोन, तो आतून गळतो आहे, चार्ज टिकतच नाही. एका रीडिंगवरून हे दोन वेगळे करता येत नाहीत. त्याला परीक्षा द्यावी लागते.

परीक्षा अशी. बॅटरी चार्जिंगच्या दुकानात न्यायची आणि बारीक करंटवर, १५० एएचला साधारण ७ अँपिअर, पूर्ण चार्ज झाल्यावरही पुढे चालू ठेवायची. दर तासाला सहाही सेल मोजायचे. सलग तीन रीडिंग सारखी आली की थांबायचं. ऍसिड ५० अंशाकडे जायला लागलं तर मध्येच बंद करून थंड होऊ द्यायचं; आपल्याकडे हे काम रात्रीच केलेलं बरं. मग एक दिवस काहीही न जोडता ठेवून परत मोजायचं. त्या दुसऱ्या दिवसाच्या रीडिंगमध्ये खरं उत्तर असतं. चौथा १२३० ला चढून तिथेच राहिला असता, तर तो फक्त उपाशी होता, बॅटरी वाचली.

दारव्ह्यात काय झालं? तापमान धरून पाच सेल १२४० च्या आसपास स्थिर. चौथा रात्रभरात १२०५ पर्यंत चढला आणि अडकला. बाकीच्यांत बुडबुडे उठत होते, हा जवळपास शांत. दुसऱ्या दिवशी पाच जण जागेवर, चौथा ११८०. म्हणजे आत शॉर्ट. प्लेटांमधला पडदा फाटला असेल किंवा खाली साचलेला गाळ प्लेटांना टेकला असेल. मी त्याला विचारलं, पाणी कोणत्या सेलला जास्त लागायचं? तो म्हणाला, पाचांना लागायचं, चौथ्याला कधी लागलंच नाही. "मला वाटलं तोच सगळ्यात चांगला हाये!" हिशेब बघा: चार्जर १४.४ व्होल्ट देतो, म्हणजे सेलला २.४. चौथा दोनच्या पुढे जात नसेल तर उरलेल्या १२.४ व्होल्टचा भार पाच सेलवर, प्रत्येकी जवळपास २.४८. ते उकळतात, पाणी पितात. एक खराब सेल चांगल्यांना असं संपवत जातो.

शेजारचे दोन सेल एकत्र कमी आले, तर मधली भिंत तडकल्याचा संशय घ्या. सहाही सारखेच कमी असतील तर दोष बहुतेक सेलचा नाही. बॅटरीला पुरेसं चार्जिंगच मिळत नाही.

आणि एक उपाय कोणी सुचवला तर हात जोडा: "कमी सेलमध्ये थोडं ऍसिड टाकून ग्रॅव्हिटी वाढवून देतो." आकडा वाढेल, चार्ज वाढणार नाही. कमी पडलेलं ऍसिड कुठे गेलेलं नाही, ते प्लेटांमध्येच सल्फेट होऊन बसलंय. वरून आणखी घातलं, तर पुढे हायड्रोमीटरही तुमच्याशी खोटं बोलायला लागेल. ऍसिड फक्त सांडलं असेल तरच टाकायचं.

बारा व्होल्टच्या बॅटरीत एक सेल बदलता येत नाही, सहाही एकाच डब्यात बंद. त्यामुळे त्याला बॅटरी बदलावीच लागली. जुनी एक्स्चेंजमध्ये दिली, ऍसिडसकट, आहे तशी. ऍसिड नालीत ओतून रिकामी बॅटरी भंगारात देऊ नका, ते पाणी आणि त्यातलं शिसं कुठेतरी विहिरीतच जातं.

जाता जाता, त्याच्या शेजाऱ्याचा प्रश्न: दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आहे, एकीत असा सेल निघाला तर एकच बदलली तर चालेल का? दोन्ही वर्षभराच्या आतल्या असतील तर चालेल, नवी जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा आणि बाराही सेल मोजून लिहून ठेवा. चार वर्षांच्या जुनीला नवी जोडली, तर माळेत परत एक मागे राहणारा तयार झाला, फक्त यावेळी सेल नाही, सगळी बॅटरीच.