रविवारचा रस्सा आणि तेलाचा हिशेब

वजन उतरवायचं ठरलं की अनेक घरांत पहिला बळी जातो तो मटण-मच्छीचा. दुधी, मूग, सॅलड सुरू होतं आणि कोंबडीला महिनाभर सुट्टी मिळते. हा निर्णय घाईचा आहे. अंडी, चिकन आणि मासे यांत प्रथिनं भरपूर असतात. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि चरबी उतरत असताना स्नायू टिकायला मदत होते. प्रथिनं पचवण्यातच त्यांच्यातल्या कॅलरींपैकी 20 ते 30 टक्के खर्च होतात. तेला-तुपाच्या बाबतीत हा खर्च अगदी थोडा असतो. अडचण असते ती या पदार्थांच्या सोबतीला पातेल्यात काय पडतं, याची.

चौघांसाठी किलोभर कोंबडीचा रस्सा घ्या. साल काढलेल्या, हाडासकटच्या किलोभर चिकनमध्ये खाण्याजोगं मांस साधारण 600 ग्रॅम निघतं. त्यात पाऊणेआठशेच्या आसपास कॅलरी आणि 120 ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे माणशी 30 ग्रॅम प्रथिनं, तीही दोनशेहून कमी कॅलरींत.

आता फोडणी. अर्धी वाटी तेल म्हणजे 600 हून जास्त कॅलरी. वाटणातलं 50 ग्रॅम सुकं खोबरं आणखी सव्वातीनशेची भर घालतं. तेल आणि खोबरं मिळून सव्वानऊशे झाले, म्हणजे अख्ख्या कोंबडीपेक्षा जास्त! वर तरंगणारी लाल तर्री भाकरीने टिपून घेतली, की तो वाटा सरळ पोटात.

हाच रस्सा चार छोटे चमचे तेलात होतो आणि चवीला कमी पडत नाही. आदल्या रात्री चिकनला दही, आलं-लसूण, हळद आणि मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवावं. मांस मऊ पडतं. कांदा चार चमचे तेलात टाकून लगेच मीठ घालावं. मिठाने कांद्याला पाणी सुटतं. तो बुडाला चिकटायला लागला की चमचाभर गरम पाणी मारून खरवडायचा, पुन्हा परतायचा. असं तीन-चार वेळा केलं की रंग तेलात तळल्यासारखाच येतो, फक्त दहा मिनिटं जास्त लागतात. खोबरं दोन मोठे चमचेच घ्यावं आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजावं. त्याचं स्वतःचं तेल त्याला पुरतं. दाटपणा भाजलेल्या कांदा-टोमॅटोने येतो. मग झाकणीत पाणी ठेवून, वाफेवर चिकन शिजू द्यायचं. ही आपल्या आज्यांची रीत आहे आणि कमी तेलाच्या स्वयंपाकाला यासारखी दुसरी युक्ती नाही: वाफ खाली उतरते, बूड लागत नाही. या रश्श्यात तेल-खोबऱ्याच्या कॅलरी 265 च्या आसपास राहतात. माणशी बचत 165 ची, साधारण दीड-दोन पोळ्यांइतकी.

माशाची गोष्ट रव्यापाशी येऊन थांबते. रव्याचा थर तव्यावरचं तेल शोषतो आणि तुकडी उलटताना आणखी तेल सोडावं लागतं. रवा वगळून, आगळ, हळद, तिखट आणि मीठ लावलेली तुकडी कोरडी पुसून घ्यावी. बिडाचा तवा चांगला तापल्यावर चमचाभर तेल पसरून तुकडी ठेवावी आणि तिला हात लावू नये. खालची बाजू झाली की ती आपोआप सुटते. चिकटलेली तुकडी म्हणजे तवा थंड किंवा तुकडी ओली. बांगडा मुळातच तेलकट, त्याला तर यापेक्षाही कमी लागतं. केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेला मासा किंवा खोबऱ्याशिवायचं चिंच-लसणाचं पातळ कालवण याहून हलकं.

अंड्याचं गणित सोपं आहे. एका अंड्यात 70-75 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिनं. उकडलं तर तेवढ्याच राहतात, गाडीवरच्या बटरमधल्या भुर्जीत त्या सहज दुप्पट होतात.

इथे अनेकांचा हिशेब चुकतो तो वजनात. 100 ग्रॅम कच्चं बोनलेस चिकन शिजून 70-75 ग्रॅम होतं. कच्च्याचं वजन करून शिजलेल्याचे आकडे लावले, तर प्रथिनं आणि कॅलरी दोन्ही फुगवून मोजल्या जातात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावंच.

आणि आठवडाभर सगळं पाळूनही काटा हलत नसेल, तर तेलाच्या पिशवीवर ती फोडल्याची तारीख लिहावी. चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटर म्हणजे माणशी रोज साडेतीन चमच्यांहून थोडं कमी. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकाच्या ताटात रोज आठ चमचे तेल जात आहे.