फोटोतला काटकोन

भाचीचा फोटो रात्री साडेनऊला आला. पुस्तक गादीवर उघडं टाकून, मोबाइल तिरका धरून काढलेला. वर्तुळाचं अंडं झालं होतं, शिवणीकडच्या रेषा वाकल्या होत्या आणि प्रश्नाचा मजकूर खाली कापला गेला होता. सोबत तिची सिद्धता होती, चार ओळींची. त्यातली दुसरी ओळ अशी : ∠PMA = ∠PMB = 90° (आकृतीवरून).

मजकूर आधी मागवला, कारण ‘पक्ष’ तिथूनच येतो. P या बाहेरच्या बिंदूतून O केंद्र असलेल्या वर्तुळाला PA आणि PB हे स्पर्शिकाखंड काढले आहेत. रेख OP आणि रेख AB एकमेकांना M मध्ये छेदतात. OP हा AB चा लंबदुभाजक आहे हे दाखवायचं आहे. म्हणजे M जवळचा काटकोन हेच साध्य, आणि बाईंनी ते दुसऱ्याच ओळीत वापरून टाकलं होतं.

फोनवर म्हणाली, “मावशी, पण दिसतंय ना काटकोन!”

“फोटोत मोज बरं.”

तिने स्क्रीनवर कोनमापक टेकवला. 84° भरला. AM आणि MB सुद्धा सारखे निघाले नाहीत. मग दोघी हसलो.

तिरक्या फोटोत लांबी बिघडते, कोन बिघडतात, मध्यबिंदू मध्यावर राहत नाही, समांतर रेषा एकमेकींकडे झुकतात. पण सपाट पानावरची सरळ रेषा सरळच राहते, दोन रेषा जिथे छेदतात तिथेच छेदतात आणि रेषेवरच्या बिंदूंचा क्रम बदलत नाही. (शिवणीजवळ पानच वाकलेलं, तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे.) शाळेच्या सिद्धतेत आकृतीकडून जेवढं घ्यायची मुभा असते, ते जवळजवळ हेच : कोण कुणाच्या मध्ये आहे, काय कुठे छेदतं. काटकोन किंवा समानता हवी असेल तर मजकुरातून घ्यायची, आकृतीत मुद्दाम केलेल्या खुणेवरून घ्यायची, नाहीतर सिद्ध करायची. कोपऱ्यातला छोटा चौकोन ही अशी खूण. पण तिच्या फोटोत M पाशी जे काळं दिसत होतं, ती बोटाची सावली होती.

मग नव्याने बसलो. रचना एवढीच, की OA आणि OB जोडायचे.

∠OAP = ∠OBP = 90° … (स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय)
OA = OB … (एकाच वर्तुळाच्या त्रिज्या)
OP = OP … (सामाईक कर्ण)
ΔOAP ≅ ΔOBP … (कर्णभुजा कसोटी)
PA = PB, ∠APO = ∠BPO … (एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू व कोन)

आता M कडे जायचं, आणि इथे एक ओळ हमखास राहते. M हा किरण PO वर आहे, म्हणून ∠APO आणि ∠APM हा एकच कोन, तसंच B कडे. हे लिहिलं की ΔPAM आणि ΔPBM मध्ये PA = PB, मधले कोन समान, PM सामाईक; बाकोबा कसोटीने त्रिकोण एकरूप. म्हणून AM = BM, आणि ∠PMA = ∠PMB.

दोन कोन समान आहेत, पण 90° अजून नाहीत. त्यांची बेरीज 180° लागते, आणि तिचं कारण रेषीय जोडी. रेषीय जोडी होते कारण M हा A आणि B च्या मध्ये आहे. हे ‘मध्ये’ आपण गुपचूप आकृतीतून उचललं. युक्लिडही असंच उचलायचा. पहिल्याच प्रमेयात त्याची दोन वर्तुळं छेदतात, आणि ती का छेदतात ते त्याने सांगितलेलं नाही. ‘मध्ये असणे’ याचे नियम लिहून काढायचं काम 1882 मध्ये पाशने केलं, 1899 मध्ये हिल्बर्टने ते पुढे नेलं. दहावीच्या पेपरात इतकं खोलात कुणी विचारत नाही, आणि ते ठीकच आहे.

मात्र हाताने काढलेल्या आकृतीत क्रमही चुकू शकतो. कुठलाही त्रिकोण समद्विभुज असतो, अशी एक जुनी गमतीची ‘सिद्धता’ आहे. तिच्यात कोनदुभाजक आणि समोरच्या बाजूचा लंबदुभाजक त्रिकोणाच्या आत भेटताना काढतात. बाकी प्रत्येक पायरीचं कारण चोख असतं. बाजू असमान असल्या तर ते खरं म्हणजे बाहेर भेटतात, आणि तिथून काढलेल्या दोन लंबांपैकी एकाचा पाय बाजूवर पडतो, दुसऱ्याचा वाढवलेल्या बाजूवर. मग शेवटी जिथे बेरीज केलेली असते, तिथे एका बाजूला वजाबाकी हवी असते.

साडेदहाला दुसरा फोटो आला, तितकाच तिरका. ΔOAP ≅ ΔOPB असं लिहिलं होतं, शिरोबिंदूंचा क्रम चुकवून. मग संगत बाजू म्हणून AP च्या जोडीला PB आली ती नशिबानेच, आणि OA च्या जोडीला OP. तेवढं परत लिहायला लावलं. पण शेवटून दुसऱ्या ओळीपुढे कंसात होतं : रेषीय जोडीतील कोन, A–M–B.